पूर्वसाहित्याचा सूत्रनिहाय आढावा

शोधप्रबंधातील पूर्वसाहित्याच्या प्रकरणात एकामागून एक शोधनिबंधांचा सारांश न देता त्यांतून वर येणाऱ्या प्रश्नांभोवती मांडणी करण्याची पद्धत. इथे परिच्छेदाचा विषय लेखक नसतो, प्रश्न असतो.

सांगलीच्या कृष्णेच्या महापुराचे उदाहरण घेऊ. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात पाणी शिरले. त्यावर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने वीस निबंध वाचले, तर पहिला मसुदा बहुधा ‘अमुक यांनी पावसाचा अभ्यास केला. तमुक यांनी पूररेषेचा अभ्यास केला’ असा निघतो. यातले परिच्छेद मागेपुढे करून पाहावेत. काहीच बिघडत नसेल, तर ती नुसती यादी आहे.

उपाय म्हणजे तक्ता. आडव्या ओळीत एकेक निबंध आणि उभ्या रकान्यांत प्रश्न: पाऊस व कोयनेचा विसर्ग, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे नदीत मागे साचणाऱ्या पाण्याचा फुगवटा, पूररेषेतली बांधकामे. रकाने आधीच ठरवू नयेत. सहा-सात निबंध वाचून झाले की ते आपोआप दिसू लागतात. भरलेला तक्ता ओळीने वाचला तर सारांश मिळतो, रकान्याने वाचला तर आढावा.

खरे काम फुगवट्याच्या रकान्यात आहे. समजा, तिथे चार निबंध फुगवट्याचा पुरावर ‘परिणाम होतो’ म्हणतात आणि तीन ‘होत नाही’. ‘मतभेद आहेत’ एवढे लिहून पुढे जाणे ही इथली नेहमीची चूक. त्याऐवजी आणखी एक रकाना जोडावा: कोणत्या वर्षीचा पूर, नदीचा कोणता पट्टा? मग कदाचित असे दिसेल, की ‘होतो’ म्हणणाऱ्यांनी नृसिंहवाडीच्या खालचा पट्टा मोजला आणि ‘होत नाही’ म्हणणाऱ्यांनी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी. वारणा या पुलाच्या खाली हरिपूरला मिळते, पंचगंगा त्याही खाली नृसिंहवाडीला. दोन्ही ठिकाणचे पाणी एका मापाने मोजता येत नाही. आता परिच्छेदाचे पहिले वाक्य असे होते: ‘फुगवट्याबद्दलचा वाद बराचसा मोजणीच्या जागेचा आहे.’ नावे आणि वर्षे कंसात जातात. दोन्ही जागा एकाच पुरात कोणी मोजल्या नसतील, तर संशोधनातली उणीवही याच रकान्यात सापडते.

एकच निबंध दोन-तीन सूत्रांत येणे स्वाभाविक आहे. प्रत्येक ठिकाणी त्यातला तेवढाच निष्कर्ष घ्यावा. ज्या रकान्यात एकच निबंध उरतो ते सूत्र नव्हे, शेजारच्या रकान्यात ते मिसळावे. मथळे सूत्रांचे आणि आत मात्र पुन्हा ‘अमुक यांनी, तमुक यांनी’, हा प्रकार मार्गदर्शकांच्याही नजरेतून सुटतो. प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य सलग वाचले की तो उघडा पडतो.

पूर मोजण्याची पद्धत कशी बदलत गेली एवढाच प्रश्न असेल, तर मात्र कालक्रमच सोयीचा. तिथे सूत्रे पाडल्याने धागा तुटतो.