पुराच्या बातमीशेजारी पंपाची जाहिरात

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातील अनेक वस्त्यांत शिरले, मगरी सोसायट्यांच्या आवारात दिसू लागल्या आणि शहरातील बहुतेक माणसे दिवसभर मोबाइलवर स्थानिक बातम्या पाहत बसली. त्याच काळात दांडिया बाजाराच्या बाजूला पाण्याचे पंप आणि इन्व्हर्टर विकणाऱ्या एका परिचित दुकानदाराची यूट्यूब-जाहिरात सुरू होती, आणि नेमक्या त्या दिवसांत ती पूर्वीपेक्षा कमी लोकांपर्यंत पोहोचली. ज्यांच्या तळमजल्यात पाणी साचले होते, त्यांना ती दिसलीच नाही. पुतण्याने सेटिंग उघडून दाखवले तेव्हा कारण कळले. ‘काका, आपलं नाव कुठं भलत्या ठिकाणी नको, म्हणून मी सगळ्यात कडक तेच लावून ठेवलं होतं,’ असे तो म्हणाला. कडक म्हणजे सुरक्षित आणि सुरक्षिततेला वेगळी किंमत पडत नाही, हा समज व्यापाऱ्यांत आणि जाहिरातीची कामे घेणाऱ्या तरुणांतही सर्रास आढळतो. तो चुकीचा का आहे, हे शालेय टक्केवारीच्या बळावर नीट समजू शकते.

ही सेटिंगे निर्माण होण्यामागे खरे कारण होते, हे आधी मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती दहशतवाद्यांच्या प्रचारफितींवर झळकत असल्याचे उघड केले. पुढच्या महिन्यात ब्रिटिश सरकार, ‘गार्डियन’ वृत्तपत्र आणि हावास या जाहिरातसंस्थेच्या ब्रिटनमधील शाखेने यूट्यूबवरील आपल्या जाहिराती थांबवल्या. त्यानंतर जाहिरातदाराच्या हाती अधिक नियंत्रणे देण्यात आली. आज गूगल अ‍ॅड्समध्ये Content suitability या पानावर यूट्यूबसाठी तीन पातळ्या दिसतात: Expanded inventory, Standard inventory आणि Limited inventory. काहीच निवडले नाही, तर मधली लागू होते. त्याच पानावर वृत्तसंकेतस्थळांसारख्या जागांसाठी Tragedy and conflict यांसारखे संवेदनशील विषय वगळता येतात, थेट प्रक्षेपणे वगळता येतात आणि नको असलेल्या शब्दांची किंवा वाहिन्यांची यादीही देता येते. पुतण्याने Limited निवडले होते, थेट प्रक्षेपणे बंद केली होती आणि शब्दांच्या यादीत ‘पूर’, ‘मृत्यू’, ‘अपघात’ हे शब्द गुजराती रूपांसह भरले होते.

आता या साऱ्यामागची यंत्रणा पाहू. मला तीच सर्वांत रंजक वाटते, त्यामुळे तिला थोडी जास्त जागा देतो.

यूट्यूबवर इतके व्हिडिओ येतात की प्रत्येक व्हिडिओ माणसाने पाहून शिक्का मारणे अशक्य आहे. म्हणून शीर्षक, वर्णन, मुखचित्र, दृश्ये आणि बोलण्यातून यंत्राने उतरवलेला मजकूर यांवरून एक वर्गीकारक व्हिडिओ अनुचित असण्याची शक्यता ठरवतो. हा निकाल ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसतो. समजण्यासाठी तो ० ते १ यांमधला एक गुण आहे, असे धरू. निरुपद्रवी व्हिडिओंचे गुण बहुतांशी शून्याकडे गर्दी करतात आणि खरोखर ओंगळ किंवा हिंसक व्हिडिओंचे एककडे. मात्र मधल्या पट्ट्यात दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात. कंबरभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसाला उचलून आणणारे जवान दाखवणारी शांत बातमी आणि वाहून जाणाऱ्या माणसाची दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवून भीती विकणारा व्हिडिओ या दोहोंत पाणी, आरडाओरडा आणि ‘बुडाले’ हा शब्द समान असतो. गुजराती, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात मिसळून बोलणारा आपला वार्ताहर असेल, तर बोलण्याचा उतारा अधिक चुकतो आणि हा मधला पट्टा आणखी रुंद होतो.

कडक सेटिंग म्हणजे या गुणांवरची मर्यादा खाली आणणे. उदाहरणार्थ, ०.८ च्या वरचे व्हिडिओ वगळण्याऐवजी ०.४ च्या वरचे सगळे वगळायचे. मर्यादा खाली आणल्यावर अधिक वाईट व्हिडिओ सापडतात, हे खरेच आहे. प्रश्न असा की त्यांच्यासोबत किती चांगले व्हिडिओ बाहेर फेकले जातात.

आकडे समजुतीपुरते कल्पून गणित मांडू. जाहिरात दाखवता येईल अशा १०,००० संधी आहेत आणि त्यांतील २ टक्के, म्हणजे २००, खरोखर अनुचित व्हिडिओंवर आहेत. उरलेल्या ९,८०० निर्धोक आहेत. मधल्या सेटिंगमध्ये वर्गीकारक अनुचितांपैकी ९५ टक्के पकडतो आणि निर्धोकांपैकी १० टक्के चुकून वगळतो असे धरू. म्हणजे १९० वाईट संधी टळल्या, पण ९८० चांगल्याही गेल्या. वगळलेल्या एकूण १,१७० संधींपैकी खरोखर वाईट जेमतेम १६ टक्के निघाल्या. यंत्र ९५ टक्के वाईट गोष्टी पकडते, तरी त्याने वगळलेल्या प्रत्येक सहा गोष्टींपैकी पाच निर्दोष असतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कारण यंत्राच्या दर्जात नाही, मूळ प्रमाणात आहे. वाईट गोष्टी मुळातच दुर्मीळ असतील, तर चांगल्यांच्या प्रचंड गठ्ठ्यातील छोटीशी चूकही संख्येने वाईटांवर मात करते. दुर्मीळ रोगाच्या चाचणीत निरोगी माणसेच मोठ्या संख्येने संशयित ठरतात, त्याचेही कारण हेच.

आता मर्यादा खाली आणू. वाईटांपैकी ९९ टक्के पकडले गेले आणि चांगल्यांपैकी ३० टक्के वगळले गेले असे समजू. वाईट संधी १९८ टळल्या, म्हणजे आधीपेक्षा ८ जास्त. चांगल्या २,९४० गेल्या, म्हणजे १,९६० जास्त. त्या शेवटच्या आठ वाईट संधींपैकी प्रत्येकीसाठी दुकानदाराने २४५ चांगल्या संधी मोजल्या. मर्यादेची पहिली खूण स्वस्तात पुष्कळ घाण काढते, पण नंतरची प्रत्येक खूण त्याच कामासाठी अधिकाधिक महाग होत जाते.

संधी कमी झाल्या म्हणजे तेवढीच माणसे कमी झाली, असेही नाही. नुकसान सहसा त्याहून मोठे असते, कारण ते दोन बाजूंनी होते. या जागा लिलावाने विकल्या जातात. जागा कमी आणि बोली लावणारे तेवढेच राहिले की हजार वेळा जाहिरात दाखवण्याचा दर चढतो. शिवाय उरलेल्या ‘स्वच्छ’ जागा ठरावीक माणसांच्याच वाट्याला येतात. जो माणूस बहुतांशी पाककृती आणि भजने पाहतो, त्याला तीच पंपाची जाहिरात पुन्हा पुन्हा दिसते, आणि जो बातम्याच पाहतो त्याला ती एकदाही दिसत नाही.

पुन्हा कल्पित आकडे घेऊ. अंदाजपत्रक २०,००० रुपयांचे आहे. मधल्या सेटिंगमध्ये हजार वेळा दाखवण्यास १०० रुपये पडतात आणि एका माणसाला जाहिरात सरासरी चार वेळा दिसते. म्हणजे जाहिरात २ लाख वेळा दिसली आणि ती ५०,००० माणसांनी पाहिली. कडक सेटिंगमध्ये दर १३० रुपये झाला आणि सरासरी सहा वेळा झाली, तर जाहिरात सुमारे १ लाख ५४ हजार वेळा दिसेल आणि माणसे साधारण २५,६०० उरतील. दर तीस टक्क्यांनीच वाढला, तरी माणसे जवळपास निम्मी झाली, कारण दर आणि पुनरावृत्ती यांचे परिणाम एकमेकांना गुणले जातात. एका माणसापर्यंत पोहोचण्याचा खर्च ४० पैशांवरून ७८ पैशांवर गेला. खात्यातील अहवालात फक्त ‘किती वेळा दिसली’ हा रकाना पाहणाऱ्याला ही घट २३ टक्क्यांचीच वाटते. म्हणून जाहिरात पाहिलेली वेगळी माणसे आणि प्रत्येकाला ती सरासरी किती वेळा दिसली, हे दोन रकाने आवर्जून उघडावेत.

‘शंभर टक्के सुरक्षित’ असा दावा करून वेगळे शुल्क घेणारे सल्लागार आता आपल्याकडेही फिरू लागले आहेत. वर्गीकारकाच्या गुणांचे दोन गट जोपर्यंत एकमेकांत मिसळलेले आहेत, तोपर्यंत शंभर टक्के सुरक्षिततेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जाहिरातच न देणे. दुकानाच्या दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीइतकाच त्या दाव्याला आधार आहे, आणि लिंबू-मिरची निदान स्वस्त असते.

बातमीशेजारी दिसल्याने नाव खरोखर खराब होते का, हाही प्रश्न विचारायला हवा. अतिरेकी प्रचार किंवा अश्लीलता यांविषयी वाद नाही, ते टाळावेच. पण २०२० मध्ये अनेक जाहिरातदारांनी करोनाशी संबंधित शब्द वगळले आणि वाचक विक्रमी संख्येने येत असताना वृत्तपत्रांच्या जाहिराती आटल्या. २०२४ मध्ये स्टॅगवेल या कंपनीने अमेरिकेतील सुमारे ५० हजार प्रौढांवर केलेल्या पाहणीत राजकारण किंवा गुन्हेगारीच्या बातमीशेजारची जाहिरात खेळाच्या बातमीशेजारच्या जाहिरातीइतकीच परिणामकारक ठरली. स्टॅगवेल स्वतः विपणन क्षेत्रातली आहे आणि अमेरिकेतला निष्कर्ष बडोद्याला जसाच्या तसा लावता येत नाही, हे लक्षात घेऊनच तो वाचावा. तरीही ‘बातमी म्हणजे धोका’ हे गृहीतक तपासण्यासारखे आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. विमान कंपनीने विमान-अपघाताची बातमी टाळावी हे रास्त आहे, पण पंपवाल्याने पुराची बातमी टाळण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. फक्त जाहिरातीचा मजकूर संकटाची थट्टा करणारा किंवा भाव वाढवणारा नसावा.

तपासणी करण्याचा मार्ग सोपा आहे. Experiments या सोयीतून तीच जाहिरात, तोच परिसर आणि तेवढाच खर्च ठेवून प्रेक्षकांचे दोन भाग करावेत. एकाला Standard आणि दुसऱ्याला Limited लावून दोन-तीन आठवडे चालवावे आणि मग वेगळी माणसे, सरासरी पुनरावृत्ती व हजारी दर यांची तुलना करावी. सोबत जाहिरात कुठे दिसली याचा अहवाल काढून पहिले शे-दीडशे व्हिडिओ स्वतः डोळ्यांनी पाहावेत. त्यांत खरोखर लाजिरवाण्या वाहिन्या निघाल्या, तर तेवढ्याच नावाने वगळाव्यात. त्यासाठी सगळ्या बातम्यांवर फुली मारण्याची गरज पडत नाही. ही तपासणी दोन स्वतंत्र मोहिमा एकाच वेळी चालवून करू नये, कारण तीच माणसे दोन्हींत येतात आणि हिशेब गढूळ होतो.

थेट प्रक्षेपणांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पुढच्या क्षणी पडद्यावर काय येईल हे कोणत्याही वर्गीकारकाला आधी कळत नाही, त्यामुळे ती वगळण्याला तांत्रिक आधार आहे. पण त्या एका खुणेने पुराच्या थेट बातम्यांबरोबर नवरात्रातील गरब्याची थेट प्रक्षेपणेही जातात, आणि बडोद्यात गरब्याइतका मोठा स्थानिक प्रेक्षक दुसऱ्या कशाला मिळेल, हे दुकानदारांनीच सांगावे. पुतण्याने आता Standard निवडले आहे आणि नवरात्रापुरती थेट प्रक्षेपणे खुली ठेवायचे ठरवले आहे. ‘पूर’ हा शब्द यादीतून काढला आहे. यादीतला प्रत्येक शब्द कोणत्या तारखेला आणि कशासाठी घातला, हे तो वहीत लिहून ठेवतो, कारण ही यादी आपोआप कधीच रिकामी होत नाही.