एका पिनला दहा, पण आठ पिनांना मिळून पंधराच

८०५१ मायक्रोकंट्रोलर शिकताना पहिला प्रयोग बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: पोर्ट १ ला आठ एलईडी लावा आणि पेटवा. रेझिस्टर कोणता, असं विचारलं की ‘३३० ओहम’ हे उत्तर तयार असतं. हा आकडा मंत्रासारखा एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातो, पण तो कोणत्या चिपसाठी काढला होता हे कुणी तपासत नाही. ८०५१ कुळातली सर्रास मिळणारी एटी८९एस५२ घेऊन तो तपासू.

आधी एलईडी कोणत्या दिशेने जोडायचा ते ठरवू. पिनमधून करंट बाहेर काढून एलईडीतून ग्राउंडकडे नेला तर ते सोर्सिंग. पाच व्होल्टकडून एलईडी आणि रेझिस्टरमधून करंट पिनमध्ये आणला तर ते सिंकिंग. पहिल्या पद्धतीत ‘१ लिहिला की पेटतो’ हे समजायला सोपं वाटतं, म्हणून बरेचजण तसंच जोडतात, आणि एलईडी जेमतेम मिणमिणतो. मग रेझिस्टर ३३० चा १०० केला जातो, तरी काही फरक पडत नाही.

फरक पडत नाही, कारण करंट अडवणारा तो रेझिस्टर नसतोच. ८०५१ च्या पोर्ट १, २ आणि ३ च्या पिना इनपुट-आउटपुट दोन्ही कामं करतात. दिशा ठरवणारं वेगळं रजिस्टर त्यांना नाही. पिनवर १ लिहिला की आतला दणकट ट्रान्झिस्टर ऑसिलेटरच्या फक्त दोन आवर्तनांपुरता चालू होतो, पिनला झटक्यात वर ढकलतो आणि बंद होतो. त्यानंतर पिनला वर धरून ठेवतो तो एक अशक्त पुलअप. तो मुद्दामच अशक्त ठेवलेला असतो, म्हणजे बाहेरचं साधं बटणही त्या पिनला सहज खाली खेचू शकतं. डेटाशीटमध्ये त्याची हमी २.४ व्होल्टला ६० मायक्रोअँपची आहे. मिलिअँप नाही, मायक्रोअँप. पोर्ट ० ला तर हा पुलअपही नाही, त्यामुळे तिथे १ लिहून एलईडी पेटतच नाही.

म्हणून ८०५१ वर एलईडी सिंकिंगनेच लावायचा: ॲनोड पाच व्होल्टकडे, कॅथोड रेझिस्टरमधून पिनला. मग ० लिहिला की तो पेटतो, आणि `P1 = 0x00;` ने आठही पेटतात.

आता ३३० चा हिशोब. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, खाली खेचलेल्या पिनवर ०.४५ धरू. उरलेले २.५५ व्होल्ट भागिले ३३०, म्हणजे ७.७ मिलिअँप. एका पिनची कमाल मर्यादा १० मिलिअँप आहे, त्यामुळे इथवर सगळं ठीक दिसतं. पण डेटाशीटमध्ये त्याच्याच खालची ओळ वाचायची राहून जाते: पोर्ट १, २ आणि ३ ला प्रत्येकी, आठ पिना मिळून, १५ मिलिअँप. पोर्ट ० ला २६. चारही पोर्ट धरून ७१. आठ एलईडी एकदम पेटले तर आपण पोर्ट १ मध्ये सुमारे ६२ मिलिअँप ओततो, मर्यादेच्या चौपट.

चिप लगेच जळत नाही, आणि म्हणूनच ही चूक टिकून राहते. बिघडतं ते पिनवरचं व्होल्टेज: शून्य शून्याजवळ राहत नाही, वर सरकतं. त्याच पिनवरून दुसऱ्या आयसीलाही सिग्नल जात असेल, तर त्याला तो ० म्हणून ओळखू येईलच याची खात्री उरत नाही.

योग्य आकडा उलट्या बाजूने काढायचा. १५ भागिले ८, म्हणजे प्रत्येकी १.८७ मिलिअँप ही वरची हद्द. इतक्या कमी करंटला लाल एलईडीवर १.८ व्होल्टच्या आसपास पडतात. १.८ किलोओहम लावला तर २.७५ भागिले १८००, म्हणजे १.५ मिलिअँप आणि आठांचे १२.२. सप्लाय ५.२५ पर्यंत चढला आणि पिन ०.१ पर्यंत उतरली, तरी बेरीज १४.९ वर थांबते. १.५ किलोओहमला मात्र त्याच परिस्थितीत ती १७.९ होते, म्हणून तो नको. शिवाय पिन ०.४५ च्या वर जाणार नाही ही डेटाशीटची हमी १.६ मिलिअँपलाच दिलेली आहे, आणि आपण तिच्या आत बसतो. हल्लीचे जास्त उजेडाचे लाल एलईडी दीड मिलिअँपला टेबलावर स्पष्ट दिसतात.

जोडून झालं की आठही पेटवा आणि मल्टिमीटरने दोन मापं घ्या. रेझिस्टरवर २.७ ते ३ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याला १८०० ने भागलं की खरा करंट कळतो. पिन आणि ग्राउंडमध्ये ०.४५ पेक्षा कमी दिसलं पाहिजे. तिथे जास्त दिसलं तर एखादा रेझिस्टर चुकीचा लागला आहे, किंवा त्या पिनवर आणखी काहीतरी लटकलेलं आहे.

याहून जास्त उजेड हवा असेल तर मध्ये यूएलएन२८०३ हा ड्रायव्हर आयसी घाला, पण त्याला इनपुटला १ लागतो आणि तो देणारा पुन्हा तोच अशक्त पुलअप. म्हणून प्रत्येक इनपुटला पाच व्होल्टकडून ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुलअप जोडा. पिन ० असताना त्यातून साधारण १ मिलिअँप पिनमध्ये येतो, आठांचे ८. तेही १५ मध्ये बसतात.