कोणत्या गेमसाठी किती फ्रेम रेट पुरेसा?

नौपाडा, ठाणे येथील आमच्या दुकानात नवा संगणक जुळवून घेण्यासाठी येणारे ग्राहक बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात, की यावर एफपीएस किती मिळेल. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येते, पण त्या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही, कारण जो आकडा एका गेमला भरपूर होतो तोच दुसऱ्या गेमला अपुरा पडतो. आपण जे गेम खेळता त्यांना किती फ्रेम रेट पुरेसा आहे हे आपले आपल्याला ठरवता यावे आणि खर्च नेमका जिथे हवा तिथेच व्हावा, यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे.

फ्रेम रेट किंवा एफपीएस म्हणजे एका सेकंदात संगणक किती चित्रे तयार करतो त्याची संख्या. मात्र निर्णय घेताना एका चित्राला किती वेळ लागतो हे पाहणे अधिक सोयीचे असते. ३० एफपीएसला प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० ला सुमारे १७, १२० ला ८ आणि २४० ला ४. म्हणजे ३० वरून ६० वर जाताना प्रत्येक चित्रामागे १७ मिलिसेकंद वाचतात, तर १२० वरून २४० वर जाताना अवघे ४ वाचतात, आणि खर्च मात्र या शेवटच्या टप्प्यात सर्वांत जास्त वाढतो. तो खर्च करावा की नाही हे दोन गोष्टींवरून ठरते: आपला हात हलला की पडद्यावरचे चित्र किती वेगाने सरकते, आणि प्रतिसाद थोडा उशिरा मिळाला तर गेममध्ये आपले किती नुकसान होते.

संथ गेम

सिव्हिलायझेशन ६ सारख्या पाळीपाळीने खेळायच्या गेममध्ये या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘जवळजवळ काहीच नाही’ असे येते. नकाशा सरकवतानाच काय ती हालचाल होते आणि विचार करायला हवा तितका वेळ असतो. येथे स्थिर ३० एफपीएस पुरेसे आहेत. ४० ते ६० मिळाले तर नकाशा फिरवताना डोळ्यांना बरे वाटते, इतकेच. या गेमची खरी तक्रार असते ती उत्तरार्धात आपली पाळी संपल्यावर बराच वेळ थांबावे लागण्याची. तो वेळ प्रोसेसरच्या गणितात जातो. महागडे ग्राफिक्स कार्ड घेतल्याने फ्रेम रेट दुप्पट होईल, पण हे थांबणे कमी होणार नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ सारख्या सलग चालणाऱ्या स्ट्रॅटेजी गेमला ६० एफपीएस योग्य आहेत, कारण येथे घाईत नेमक्या सैनिकावर क्लिक करायचे असते. या गेममध्ये अनेक जण मिळून खेळताना सर्वांत मंद संगणकाच्या गतीने सर्वांचा खेळ चालतो, त्यामुळे सुरुवातीला सुरळीत चाललेला संगणक शेवटच्या मोठ्या लढाईत कसा चालतो हेच पाहावे. रिकाम्या नकाशावर घेतलेल्या चाचणीला आम्ही महत्त्व देत नाही.

कथाप्रधान गेम आणि मारामारीचे गेम

मोठ्या जगात हिंडायचे कथाप्रधान गेम कंट्रोलरवर खेळत असाल तर कॅमेरा सावकाश फिरतो आणि ४० ते ६० एफपीएस समाधानकारक वाटतात. येथे आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची आहे. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे साध्या ६० हर्ट्‌झ मॉनिटरवर व्ही-सिंक, म्हणजे मॉनिटरच्या ठोक्यालाच चित्र बदलण्याची सोय, चालू असताना संगणक ५० एफपीएस देत असेल, तर काही चित्रे १७ मिलिसेकंद आणि काही ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहतात, आणि हा असमानपणा डोळ्यांना झटक्यांसारखा जाणवतो. अशा वेळी एक तर ग्राफिक्सची पातळी उतरवून पक्के ६० मिळवावेत, नाही तर ३० वर मर्यादा घालावी. मॉनिटर १२० हर्ट्‌झचा असेल तर ४० ची मर्यादा उत्तम बसते, कारण प्रत्येक चित्र बरोबर तीन रिफ्रेशपर्यंत टिकते. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर स्वतःची गती संगणकाशी जुळवून घेतो, म्हणून मधले आकडेही सुसह्य होतात. याच कारणासाठी, बजेट मर्यादित असेल तर आम्ही ग्राफिक्स कार्डाची एक पायरी कमी करून असा मॉनिटर घ्यायला सुचवतो.

स्ट्रीट फायटर ६ किंवा टेकन ८ यांसारख्या मारामारीच्या गेममध्ये लढत ६० एफपीएसवरच बांधलेली असते आणि प्रत्येक डावपेचाचा हिशेब फ्रेममध्येच मांडलेला असतो. त्यांना ६० पेक्षा जास्त लागत नाहीत, पण ६० च्या खाली एकदाही गेलेले चालत नाही.

शूटर गेम

व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांचे गणित निराळे आहे. समजा, मागून पावलांचा आवाज आला आणि आपण माउस झटकून ०.२ सेकंदात पूर्ण मागे, म्हणजे १८० अंशांत वळलात. ६० एफपीएसला या काळात १२ चित्रे दिसतात, म्हणजे प्रत्येक चित्रात दृश्य १५ अंश उडी मारते. व्हॅलरंटमध्ये आडवे दृश्य १०३ अंशांचे असते, तेव्हा ही उडी दृश्याच्या सातव्या हिश्शाएवढी झाली; तेवढ्या जागेत उभा असलेला शत्रू मधल्या मध्ये निसटू शकतो. १४४ एफपीएसला त्याच वळणात सुमारे २९ चित्रे येतात आणि उडी सहा अंशांवर येते, त्यामुळे नजर लक्ष्याचा माग ठेवू शकते. म्हणून स्पर्धात्मक शूटरसाठी १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आणि त्याला पुरेल असा फ्रेम रेट ही आम्ही वाजवी पातळी मानतो. मित्रांबरोबर सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्याला ९० ते १०० एफपीएसही पुरतात. २४० हर्ट्‌झचा फायदा खरा आहे, पण तो नियमित सामने खेळणाऱ्यालाच जाणवेल इतका बारीक आहे.

शूटरमध्ये सरासरीवर विसंबणे मात्र धोक्याचे असते. कळव्याहून आलेल्या एका ग्राहकाचे उदाहरण देतो. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर होता, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सरासरी १५० एफपीएस दिसत होते, तरी धुराचे गोळे फुटले की खेळ अडखळतो अशी त्यांची तक्रार होती आणि नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. आम्ही नोंद घेतली तेव्हा ‘१ टक्का लो’ हा आकडा ५५ आला. सर्वांत मंद अशा एक टक्का चित्रांचा वेग या आकड्यातून कळतो. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटते, पण सरासरी १५० असताना मिनिटाला ९,००० चित्रे होतात आणि त्यांतली ९० अशी रखडलेली असतात. ती बहुधा नेमक्या चकमकीच्या वेळीच येतात, कारण संगणकावर भार तेव्हाच पडतो.

दोष कशात आहे हे पाहण्यासाठी आम्ही रिझोल्यूशन 1920×1080 वरून 1280×720 वर आणले. त्याने ग्राफिक्स कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते, तरी आकडे फारसे हलले नाहीत. म्हणजे कार्डाला उसंत होती आणि अडचण प्रोसेसर किंवा रॅमच्या बाजूची होती. कॅबिनेट उघडल्यावर १६ जीबीची एकच रॅम पट्टी दिसली. प्रोसेसरला दोन वाटांनी एकाच वेळी माहिती मिळावी म्हणून तिच्या जागी ८ जीबीच्या दोन जुळ्या पट्ट्या बसवल्या, बायोसमध्ये रॅमचा वेग नीट लावला, आणि १ टक्का लो ९० च्या पुढे गेला. सरासरी त्या मानाने थोडीच वाढली, पण अडखळणे थांबले. कार्डाचा खर्च त्यांना करावा लागला नाही. त्यांचा भाऊ त्याच संगणकावर सिव्हिलायझेशन खेळतो, आणि त्याला या बदलाआधीही काही कमी पडत नव्हते.

आमचा ठोकताळा असा आहे, की शूटरमध्ये १ टक्का लो हा सरासरीच्या साधारण दोन तृतीयांश तरी असावा. १५० सरासरी आणि ५५ लो असलेल्या संगणकापेक्षा ११० सरासरी आणि ८५ लो असलेला संगणक आम्ही निःसंकोच चांगला म्हणू.

डीएलएसएससारख्या तंत्रांतील फ्रेम जनरेशनबद्दलही येथेच सांगणे आवश्यक आहे. त्यात संगणक दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक किंवा अधिक चित्रे स्वतः घडवून घालतो. हालचाल मऊ दिसते, पण पुढचे खरे चित्र तयार होईपर्यंत थांबावे लागत असल्यामुळे हाताला मिळणारा प्रतिसाद वाढलेल्या आकड्याइतका जलद होत नाही. कथाप्रधान गेमला ही सोय चांगली आहे. शूटरसाठी हिशेब करताना ती बंद ठेवूनच आकडा पाहावा.

घरी तपासताना

प्रथम मॉनिटर आपल्या पूर्ण वेगावर आहे का ते पाहावे. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चाललेला आम्ही अनेक घरांत पाहिला आहे. विंडोजच्या Settings मध्ये System, Display, Advanced display येथे हा आकडा दिसतो आणि बदलताही येतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावलेली आहे याचीही खात्री करावी.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कन्सोल उघडून पुढील दोन ओळी लिहाव्यात. पहिलीने चालू फ्रेम रेट दिसतो. दुसरी १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरसाठी आहे आणि फ्रेम रेटला १३८ ची मर्यादा घालते. त्यावर फ्रीसिंक किंवा जी-सिंक असेल तर फ्रेम रेट त्याच्या कक्षेत राहतो.

```
cl_showfps 1
fps_max 138
```

इतर गेमसाठी MSI Afterburner आणि त्याच्यासोबतचे RivaTuner वापरावे. ते मोफत आहे आणि १ टक्का लोही दाखवते. चाचणी पाच मिनिटांत उरकू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंख्याखालच्या खोलीत संगणक पहिली दहा मिनिटे छान चालतो आणि मग तापून वेग उतरवतो, म्हणून निदान अर्धा तास खेळून नोंद घ्यावी. लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडूनच तपासावा, कारण बॅटरीवर तो मुद्दाम कमी शक्तीने चालतो.

दुकानात येताना आपण सर्वाधिक खेळता त्या दोन-तीन गेमची नावे आणि मॉनिटरचा मॉडेल क्रमांक सोबत आणावा. स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांनी उत्तरार्धातील, मोठ्या नकाशावरची सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर आणली, तर जुळवलेल्या संगणकावर तीच उघडून पैसे देण्यापूर्वी आपल्यासमोर आकडे पाहता येतील.