सख्ख्या बहिणीचा बोन मॅरो, तरी त्रास का?

‘सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो पूर्ण जुळला की शरीर तो आपलाच मानतं, काही त्रास होत नाही.’

यात अर्धं खरं आहे. जुळणी चांगली असेल तर धोका कमी होतो, पण संपत नाही. शिवाय इथे हल्ला रुग्णाचं शरीर करत नाही. बोन मॅरोसोबत आलेल्या दात्याच्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, रुग्णावर करतात.

जुळणीच्या अहवालातलं ‘१०/१०’ म्हणजे पाच एचएलए जनुकांच्या, म्हणजे आपलं-परकं ओळखण्याशी संबंधित जनुकांच्या, दोन-दोन प्रती जुळल्या. बाकीची हजारो जनुकं कुणी तपासलेली नसतात, आणि त्यांच्या प्रथिनांचे तुकडे पेशींवर दिसतच असतात. समजा, दाता दोन मुलांची आई आणि रुग्ण तिचा भाऊ. भावाच्या वाय गुणसूत्राची प्रथिनं तिच्या टी पेशींना परकी. मुलगा पोटात असताना त्यांची ओळख झालेली असू शकते, म्हणून अशा जोडीत धोका वाढतो. त्यातच आधीच्या केमोने आतडं दुखावलेलं असतं. त्या धोक्याच्या इशाऱ्याने टी पेशी आणखी चेवतात. मग तळहातांवर पुरळ, पातळ जुलाब, कावीळ, बहुधा पहिल्या शंभर दिवसांत.

मग टी पेशी काढूनच का टाकत नाहीत? काढतातही, पण उरलेला रक्ताचा कर्करोग त्याच मारतात.

खात्री करायची तर औषधांची यादी पाहा: पूर्ण जुळलेल्या भावंडानंतरही सहसा टी पेशींना आवरणारं सायक्लोस्पोरिनसारखं औषध असतं. अपवाद एकसारख्या जुळ्यांचा.