दीर्घतम सामाईक उपक्रमिका (तक्त्याची रीत)

दोन अक्षरमालांमध्ये त्याच क्रमाने, पण सलग असण्याची अट न ठेवता, आढळणारी सर्वांत लांब अक्षरमाला. संगणकशास्त्रात ती ‘एलसीएस’ या नावाने ओळखली जाते. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे लहान भागांची उत्तरे साठवून त्यांवरून मोठे उत्तर काढण्याच्या पद्धतीचा, तक्ता भरून ती काढतात.

ही रीत प्रथम कोणाची, याविषयी मतभेद आहेत. विंत्स्युक (१९६८) यांनी उच्चार ओळखण्यासाठी, तर नीडलमन व वुन्श (१९७०) यांनी प्रथिनांच्या तुलनेसाठी तिच्याशी जवळची मांडणी केली. सँकॉफ (१९७२) आणि वॅग्नर व फिशर (१९७४) यांचे लेख त्यानंतरचे. जीवशास्त्रीय लेखनात श्रेय बहुधा नीडलमन-वुन्श यांना दिले जाते. मात्र हे शोध स्वतंत्रपणे लागले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘सरबत’ आणि ‘बरसत’ घेऊ. पहिल्या शब्दाची अक्षरे ओळींना, दुसऱ्याची स्तंभांना द्यावीत आणि वर व डावीकडे शून्यांची एकेक पट्टी ठेवावी. अक्षरे जुळली तर तिरक्या (वर-डाव्या) घरातील संख्येत १ मिळवावा. न जुळल्यास वरच्या व डाव्या घरांतील मोठी संख्या उतरवावी.

```
      ब  र  स  त
   ०  ०  ०  ०  ०
स  ०  ०  ०  १  १
र  ०  ०  १  १  १
ब  ०  १  १  १  १
त  ०  १  १  १  २
```

उत्तर शेवटच्या घरात: लांबी २. अक्षरे मिळवण्यासाठी तिथून उलटे चालावे. ‘त’ जुळतो, म्हणून तिरके जाऊन आपण ब-ओळीतील स-स्तंभात येतो. इथे वर आणि डावीकडे दोन्हीकडे १ आहे. नेहमी वर गेल्यास ‘सत’ मिळते, नेहमी डावीकडे गेल्यास ‘बत’. आधी वर व मग डावीकडे गेल्यास ‘रत’. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. त्यामुळे दोन प्रोग्रॅमची उत्तरे वेगळी आली, तर आधी लांबी ताडून पाहावी.

नेहमीची चूक म्हणजे अक्षरे न जुळल्यास घरात ० लिहिणे. मग तक्ता सलग सामाईक भागच मोजतो. वरील उदाहरणात शेवटच्या घरात २ ऐवजी १ येतो.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडमध्ये काना-वेलांट्यांना स्वतंत्र संकेतांक असतात. ‘पाणी’ व ‘पानी’ यांची तुलना संकेतांकांनुसार केली, तर प, काना आणि दीर्घ वेलांटी जुळून लांबी ३ येते. पूर्ण अक्षरे धरल्यास फक्त ‘पा’ जुळतो आणि ती १ येते. म्हणून तक्ता आखण्यापूर्वीच एकक ठरवावे लागते.

वेळ घरांच्या संख्येच्या प्रमाणात लागतो. प्रत्येकी १०,००० अक्षरांच्या मालांसाठी सुमारे १० कोटी घरे होतात. प्रत्येक घराला ४ बाइट धरल्यास ती जवळपास ४० कोटी बाइट व्यापतात. केवळ लांबी हवी असेल, तर मागची व चालू अशा दोनच ओळी पुरतात, पण मग उलटी वाट सापडत नाही. हिर्शबर्ग (१९७५) यांनी पहिल्या मालेचे दोन भाग करून, एक तक्ता पुढून व दुसरा मागून भरून दुसरी माला कुठे तोडायची ते ठरवले आणि तीच कृती प्रत्येक भागावर पुन्हा केली. त्यात जागा मालेच्या लांबीइतकीच लागते, वेळ मात्र सुमारे दुप्पट होतो.