इंग्रजी शिकणं वेगळं, इंग्रजीतून शिकणं वेगळं

जून जवळ आला की देवगड, गुहागर, श्रीवर्धनसारख्या गावांत घराघरात एकच वाक्य ऐकू येतं: "आजकाल इंग्रजी यायलाच हवं, म्हणून इंग्लिश मीडियमला घातलं." वाक्याचा पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्यामुळे इंग्रजी हवं की नको, हा प्रश्न पालकांपुढे नसतोच. बेरीज-वजाबाकी, भरती-ओहोटी, अपूर्णांक या अजून न कळलेल्या गोष्टी मुलाने कोणत्या भाषेतून समजून घ्यायच्या, एवढाच प्रश्न असतो. माध्यम म्हणजे तेवढंच.

बाकीचे गोंधळ लवकर मिटतात. इंग्रजी माध्यम म्हणजे सीबीएसई नव्हे. राज्य मंडळाचीही इंग्रजी माध्यमाची शाळा असते, आणि तिथे बालभारतीचीच पुस्तकं इंग्रजीतून चालतात. सेमी इंग्लिश म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. गणवेश, टाय आणि बस यांचा माध्यमाशी संबंध नाही.

खरी फसगत पुढे आहे. शाळेच्या पाटीवरचं माध्यम आणि वर्गातलं माध्यम एकच असेल असं आपण धरून चालतो. लहान गावातल्या बहुतेक इंग्रजी शाळांत शिक्षक, मुलं आणि घरं सगळीच मराठी किंवा मालवणी बोलणारी असतात. बाई इंग्रजी धडा वाचतात आणि समजावतात मराठीत, कारण दुसरा उपायच नसतो. मग फळ्यावर इंग्रजीत उत्तर लिहितात. मुलं ते उतरवून घेतात, घरी पाठ करतात आणि परीक्षेत जसंच्या तसं लिहितात. म्हणजे शिकणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत आणि मधला पूल पाठांतराचा. मूल खाडीच्या काठावर वाढलेलं असतं. ओहोटी कधी लागते, कालवं कुठे मिळतात, हे त्याला माहीत असतं. पण वहीत 'लो टाइड'ची व्याख्या लिहिताना हे ज्ञान त्याच्या कामी येत नाही, कारण ती व्याख्या त्याने बनवलेलीच नसते.

हे ओळखायचं कसं? एकाच वर्गातल्या तीन-चार मुलांच्या परिसर अभ्यासाच्या वह्या शेजारी शेजारी ठेवा. सगळ्यांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी असतील तर ती मुलांची नाहीत. मग त्याच धड्यावरचा प्रश्न जरा फिरवून विचारा. "ओहोटी म्हणजे काय?" याचं उत्तर पाठ असलेलं मूल "ओहोटीला होडी किनाऱ्याला का लागत नाही?" यावर इंग्रजीत गप्प बसतं आणि घरच्या बोलीत मात्र भराभर सांगतं.

गणितात हे आणखी स्वच्छ दिसतं. तिसरीच्या मुलाला कागदावर इंग्रजीत हे उदाहरण लिहून द्या: आबा हॅज ट्वेंटी फोर मँगोज. ही हॅज सिक्स मोअर दॅन बाबू. हाऊ मेनी मँगोज डज बाबू हॅव? मूल खणखणीत वाचेल, आणि पुष्कळ मुलं उत्तर लिहितील ३०. 'मोअर' दिसला की बेरीज, 'लेफ्ट' दिसला की वजाबाकी, अशा खुणा त्यांनी लावून घेतलेल्या असतात. बरोबर उत्तर १८, कारण सहा जास्त आहेत ते आबाकडे.

दुसऱ्या दिवशी आकडे बदलून तेच घरच्या बोलीत तोंडी विचारा: "आबाकडे ३२ नारळ आसत. बाबूपेक्षा ५ जास्ती आसत. मगे बाबूकडे किती?" खुणा करू नका, घाई करू नका. मूल २७ म्हणालं आणि आदल्या दिवशी ३० लिहून बसलं होतं, तर त्याचं गणित ठीक आहे, वाक्य कळलेलं नाही. अशा मुलाला गणिताची शिकवणी लावणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. तेच वाक्य त्याच्याशी मराठीत मोडून, जोडून बोला. ३७ म्हणालं तर मात्र तुलनेची कल्पनाच कच्ची आहे, आणि हे मराठी शाळेतल्या मुलातही आढळतं. तिथे सुपाऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडून दाखवाव्या लागतात. एकाच उदाहरणावर निकाल लावू नका. अशी चार-पाच जोडीची उदाहरणं घेतली की चूक कुठली आहे ते कळतं.

पालक इथे फसतात ते मोठ्याने वाचण्याने. इंग्रजी अक्षरं जोडून वाचता येणं आणि वाचलेलं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल पाहुण्यांसमोर पान वाचून दाखवतं आणि घर खूश होतं. पान मिटून "काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग" असं कुणी विचारत नाही.

उलट दिशेचं काम पुष्कळ सोपं असतं. अपूर्णांक मराठीत नीट कळलेल्या मुलाला पाचवीत सेमीला गेल्यावर अंशाला न्यूमरेटर आणि छेदाला डिनॉमिनेटर म्हणतात एवढंच शिकायचं असतं. कल्पना डोक्यात तयार असते, तिला फक्त दुसरं नाव लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत रोज पाच शब्द घेतले तरी हे उरकतं. कल्पनाच नसेल तर मात्र नुसत्या नावाचा काही उपयोग नाही.

आता मराठी शाळेची बाजूही तितक्याच उघडपणे सांगायला हवी. शिक्षण हक्क कायद्यात साठपर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आहेत. वाडीतल्या शाळेत पहिली ते चौथीची मिळून दहा-बारा मुलं असली तर दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, आणि एक जण बैठकीला गेला की उरतो एकच. अशा ठिकाणी इंग्रजीचा तास बहुधा कवितेवर आणि स्पेलिंगवर संपतो. म्हणून मराठी शाळा निवडताना इंग्रजीच्या तासाला काय होतं ते नक्की विचारा. मुलं स्वतः दोन-तीन वाक्यं बोलतात का? चौथीतल्या मुलाला न शिकवलेला सोपा परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येतो का? येत नसेल तर रोज वीस मिनिटं इंग्रजी घरी घ्यावं लागेल, हे धरूनच चाला.

आमचं मत स्पष्ट आहे. मराठी शाळेतला शिक्षक मन लावून शिकवणारा असेल तर चौथीपर्यंत मराठी माध्यम, सोबत रोजचं इंग्रजी आणि पुढे हवं तर सेमी. इंग्रजी माध्यम घ्यावं ते बदलीच्या नोकरीमुळे राज्याबाहेर जावं लागणाऱ्या घरांनी, किंवा शिक्षक वर्गात खरोखर इंग्रजीत बोलतात आणि मुलंही इंग्रजीत उलट प्रश्न विचारतात अशी शाळा जवळ असेल तर. ते पाहायला दहा मिनिटं वर्गाबाहेर उभं राहिलं तरी पुरतं. आणि वाडीच्या मराठी शाळेत एकच शिक्षक उरला असेल तर माध्यमाचा हट्ट सोडून जिथे रोज शिकवलं जातं त्या शाळेत मुलाला घाला.

मूल इंग्रजी शाळेत आधीच असेल तर निदान एक करा. "हँड वॉश करून ये, वॉटर पी, शूज काढ" असली भाषा घरात बंद करा. त्यातून इंग्रजीचं एक वाक्यही तयार होत नाही आणि मराठीचं मात्र मोडतं. मुलाशी पूर्ण मालवणीत किंवा पूर्ण मराठीत बोला. शाळेत आज काय झालं ते त्याच भाषेत सविस्तर सांगू द्या. दुकानात पाठवा आणि पंचावन्न, एकोणसत्तर हे आकडे कानावर पडू द्या, कारण इंग्रजी शाळेतल्या पुष्कळ मुलांना फिफ्टी फाइव्ह येतं आणि पंचावन्न येत नाही. शाळेत जे अर्धवट कळलं असेल ते मूल घरी स्वतःच्या भाषेत सांगायला लागलं की कुठे अडकलंय ते लगेच दिसतं, आणि तेवढाच भाग दुसऱ्या दिवशी बाईंना विचारता येतो.