भारोत्तोलनातील ॲलोमेट्रिक तुलना

वेगवेगळ्या वजनाच्या खेळाडूंची ताकद एकाच मापात आणायची असेल, तर उचललेल्या वजनाला शरीरवजनाने सरळ भागून चालत नाही. शरीरवजनाच्या ठरावीक घाताने भागावे लागते. या रीतीला ॲलोमेट्रिक प्रमाणन किंवा ॲलोमेट्रिक तुलना म्हणतात. ‘ॲलोमेट्री’ ही संज्ञा ज्युलियन हक्स्ली आणि जॉर्ज तेसिए यांनी १९३६ मध्ये जीवशास्त्रात रूढ केली. शरीराचा आकार वाढत असताना त्याचे निरनिराळे भाग आणि क्षमता सारख्याच दराने वाढत नाहीत, हा तिचा विषय. ताकदीच्या खेळांत तिचा उपयोग एका साध्या प्रश्नासाठी होतो: ६० किलोचा खेळाडू आणि ९० किलोचा खेळाडू यांच्यात खरा ताकदवान कोण?

दोन सोप्या उत्तरांपैकी एकही न्याय्य नाही. नुसते किलो मोजले तर जड खेळाडू जवळजवळ नेहमीच पुढे राहतो. ‘शरीरवजनाच्या किती पट’ हे मोजले तर हलका खेळाडू जवळजवळ नेहमीच जिंकतो. दुसरे माप व्यायामशाळांत फार लाडके आहे आणि ते न्याय्य आहे असा समजही पक्का आहे, पण त्यातला पक्षपात पहिल्याइतकाच ठळक आहे. फक्त त्याची दिशा उलटी.

याचे कारण भूमितीत आहे. स्नायूचा जोर त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, वजन मात्र घनफळावर. एकाच ठेवणीची दोन शरीरे घेतली आणि दुसरे सर्व दिशांनी १० टक्के मोठे असले, तर त्याचा छेद १.२१ पट होईल आणि वजन १.३३ पट. वजन ३३ टक्क्यांनी वाढले, ताकद मात्र २१ टक्क्यांनीच. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने आणि घनफळ लांबीच्या घनाने वाढते, म्हणून ताकद शरीरवजनाच्या दोन तृतीयांश घाताने वाढायला हवी. मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये याच तर्काने दाखवले होते. सूत्र असे:

```
L = a × M^b
```

येथे L म्हणजे उचललेले वजन, M म्हणजे शरीरवजन आणि b म्हणजे घातांक. भूमितीनुसार b ची किंमत ०.६७ च्या आसपास. उरलेला a हा खेळाडूचा गुण. तो काढण्यासाठी L ला M^b ने भागायचे. घातांकाचा अर्थ सोप्या भाषेत असा की शरीरवजन १ टक्क्याने वाढले, तर उचललेले वजन b टक्क्यांनी वाढावे अशी अपेक्षा आहे.

हा तर्क प्रत्यक्ष आकड्यांवर तपासणाऱ्या सुरुवातीच्या लेखांपैकी एक एम. एच. लिएत्स्के यांचा. १९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी वेगवेगळ्या वजनगटांत सर्व प्रकार मिळून उचललेल्या वजनांच्या विक्रमी बेरजांवरून घातांक काढला. तो ०.६७४८ निघाला, म्हणजे दोन तृतीयांशाच्या अगदी जवळ. इतका नीटनेटका जुळणारा आकडा पाहून प्रश्न सुटला असे वाटणे साहजिक होते.

टोकियो ऑलिंपिकमधील दोन खेळाडू घेतल्या तर या मापाने काय बदलते ते स्पष्ट दिसते. ४९ किलो गटात मीराबाई चानू यांनी स्नॅचमध्ये ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५ असे एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. ५५ किलो गटात हिदिलिन दियाझ यांनी ९७ आणि १२७ असे एकूण २२४ किलो उचलून सुवर्णपदक मिळवले. हिशेबासाठी दोघींचे वजन आपापल्या गटाच्या मर्यादेइतके धरू. सरळ भागाकार केला तर मीराबाईंचे ४.१२ पट येतात आणि दियाझ यांचे ४.०७ पट. म्हणजे मीराबाई पुढे. आता दोन तृतीयांश घात घेऊ. ४९ चा तो घात १३.३९ आणि ५५ चा १४.४६. त्यांनी भागल्यावर मीराबाईंचा गुण १५.०९ येतो आणि दियाझ यांचा १५.४९. क्रम उलटला.

उलटण्याचे कारण किलोंच्या भाषेत अधिक नीट कळते. ४९ किलोला २०२ किलो उचलणारी खेळाडू ५५ किलोची झाली तर तिने किती उचलावे? सरळ प्रमाण २२७ किलो मागते आणि ॲलोमेट्रिक प्रमाण २१८ किलो. दियाझ यांचे २२४ या दोन अपेक्षांच्या मधोमध पडतात. कोणती अपेक्षा योग्य मानायची यावरच निकाल ठरतो. शरीराची रचना दुसरीच्या बाजूने आहे.

इतपर्यंत दोन तृतीयांशाचे काम चोख चालते, कारण दोन्ही वजने एकमेकींच्या जवळ आहेत आणि दोन्ही खेळाडूंची ठेवण सारखी आहे. अंतर वाढले की मात्र सूत्र फसते. नईम सुलेमानोग्लू यांनी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात एकूण ३४२.५ किलो उचलले. लाशा तालाखाद्झे यांनी टोकियोत सर्वांत जड गटात ४८८ किलो उचलले. त्यांचे शरीरवजन १७५ किलोच्या आसपास होते. दोन तृतीयांश घाताने सुलेमानोग्लू यांचा गुण २२.३५ येतो आणि तालाखाद्झे यांचा १५.६०. सूत्राला प्रमाण मानले तर १७५ किलोच्या खेळाडूने बरोबरी साधण्यासाठी ६९९ किलो उचलायला हवेत. अशी बेरीज कोणीही उचललेली नाही, आणि ‘जगातले सगळे जड खेळाडू आळशी आहेत’ असा निष्कर्ष काढण्यापेक्षा सूत्रावर संशय घेणे शहाणपणाचे.

चूक भूमितीची नाही, तिच्या गृहीतकाची आहे. भूमिती म्हणते, शरीरे एकाच ठेवणीची असली तर. १७५ किलोचा खेळाडू हा ६० किलोच्या खेळाडूची मोठी केलेली प्रत नसतो. वजनगटाला वरची मर्यादा असेपर्यंत खेळाडू चरबी कमीत कमी ठेवतो, कारण चरबीचा प्रत्येक किलो स्नायूची जागा खातो. सर्वांत वरच्या खुल्या गटात ही किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तिथे चरबी वाढते. ती M मध्ये मोजली जाते, पण वजन ढकलत नाही. शिवाय उंचीला मर्यादा आहे. एका टप्प्यापुढे वजन उंचीने न वाढता घेराने वाढते, आणि त्या वाढीत स्नायूंचा वाटा घटत जातो.

हे घटणे किती, ते सिंक्लेअर गुणांकातून मोजता येते. कॅनडातील रॉय सिंक्लेअर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीत एकच घातांक धरलेला नाही. त्यात शरीरवजनाच्या लॉगॅरिथमचा वर्ग येतो, आणि स्थिरांक दर ऑलिंपिक चक्रात नव्या विक्रमांवरून ठरवले जातात. २०१७ ते २०२० या चक्रासाठी पुरुषांचे सूत्र असे होते:

```
गुणांक = 10^(0.751945030 × (log10(M / 175.508))^2)
```

१७५.५०८ किलोच्या वर गुणांक १ धरतात. या सूत्राने सुलेमानोग्लू यांचा गुणांक १.४५७ येतो आणि त्यांची बेरीज ४९९ गुणांची होते. तालाखाद्झे यांची ४८८ च राहते. मघाचे प्रचंड अंतर आता जवळजवळ मिटले आहे, आणि जवळच्या वजनांचा निकालही बिघडलेला नाही: त्याच चक्रातील महिलांच्या स्थिरांकांनी दियाझ यांना सुमारे ३२१ आणि मीराबाईंना ३१५ गुण मिळतात, म्हणजे क्रम दोन तृतीयांशाने दिला तोच.

याच सूत्रातून कोणत्या वजनाला किती घातांक लागू पडतो हे काढता येते, आणि या विषयात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा हिशेब. पुरुषांच्या सूत्रात ६० किलोजवळ घातांक ०.७० आहे. ६३ किलोच्या सुमारास तो बरोबर दोन तृतीयांश होतो. ९० किलोला तो ०.४४ वर येतो आणि १२० किलोला ०.२५ वर. म्हणजे ६० किलोच्या खेळाडूने १ टक्का वजन वाढवले तर त्याच्याकडून ०.७ टक्के जास्त उचलण्याची अपेक्षा असते, १२० किलोच्या खेळाडूकडून फक्त पाव टक्का. पाठ्यपुस्तकातील घातांक खरा आहे, पण वजनांच्या एका अरुंद पट्ट्यात. एकच घातांक ४५ ते १७५ किलोंच्या पूर्ण पट्ट्याला लावला की सर्वांत जड खेळाडूंवर अन्याय होतो.

सिंक्लेअर किंवा पॉवरलिफ्टिंगमधील विल्क्स यांसारखी सूत्रे म्हणूनच शुद्ध ॲलोमेट्री नव्हेत. ती निवडक खेळाडूंच्या कामगिरीवर बसवलेल्या वक्ररेषा आहेत आणि ज्या माहितीवर बसवल्या तिच्यापुरत्याच प्रामाणिक आहेत. विल्क्स सूत्राच्या १९९९ मधील तपासणीत बेंच प्रेस आणि एकूण बेरजेत पक्षपात आढळला नाही. डेडलिफ्टमध्ये मात्र जड खेळाडूंचे नुकसान होत असल्याचे दिसले. एकूण बेरजेसाठी बनवलेले सूत्र एकेका प्रकाराला आपोआप लागू पडत नाही, हे त्यातून दिसते. स्क्वॉटमध्ये बारबरोबर खेळाडूला स्वतःच्या शरीराचा मोठा भागही वर न्यावा लागतो. बेंच प्रेसमध्ये शरीर बाकावर पडून असते. पुलअपमध्ये तर उचलायचे वजन म्हणजे शरीरच, त्यामुळे तिथे हलका माणूस सरस ठरणे हे याच भूमितीचे फळ आहे.

एखाद्या संघासाठी सूत्र निवडले की ते निःपक्षपाती आहे का, हे तपासण्याची रीत सोपी आहे. प्रत्येकाचा गुण काढायचा आणि तो शरीरवजनासमोर आलेखावर मांडायचा. ठिपक्यांना काही कल दिसला नाही तर सूत्र चालते. ठिपके उजवीकडे खाली झुकत असले तर घातांक जास्त धरला गेला आहे, वर चढत असले तर कमी. मधे फुगवटा आला तर एका घातांकाने भागणार नाही, वक्ररेषा लागेल. स्वतःचा घातांक काढायचा झाल्यास L आणि M दोन्हींचे लॉगॅरिथम घेऊन सरळ रेषा बसवायची. तिचा चढ म्हणजे b. यात एक खोच आहे. संघातील जड खेळाडू वयाने मोठे आणि जास्त वर्षे सराव केलेले असतील, तर त्यांच्या अनुभवाचे श्रेयही शरीरवजनाच्या खात्यात जमा होते आणि घातांक फुगून येतो. म्हणून नवशिके आणि जुने, पुरुष आणि महिला यांची माहिती एकत्र ओतू नये.

दुसरी गफलत वजनकाट्यापाशी होते. ५५ किलोच्या खेळाडूने आपले वजन ५३ सांगितले, तर दोन तृतीयांश घाताने तिचा गुण अडीच टक्क्यांनी वाढतो. २२४ किलोंच्या बेरजेवर हा फायदा साडेपाच किलोंचा. स्पर्धेत ठरलेल्या वेळी, पंचांसमोर वजन होते म्हणून तिथले गुण तुलनेला चालतात. सरावात मात्र गेल्या महिन्याचे किंवा अंदाजाने सांगितलेले शरीरवजन सूत्रात घालून दोन दशांश स्थळांपर्यंत गुण काढले जातात, आणि त्या दशांशांवरून क्रमवारी लावली जाते.